तासाचा हिशेब

शाळेत 'तास' या शब्दाचे दोन अर्थ चालतात. शिक्षकांच्या खोलीत 'माझा चौथा तास आहे' म्हणजे चाळीस मिनिटांची तासिका. शाळा समितीच्या बैठकीत मात्र तास म्हणजे घड्याळाचा तास. कार्यभाराचा अहवाल टेबलावर आला की पहिली गफलत इथेच होते. 'आठवड्याला बत्तीस तास' हे वाचून बँकेतून निवृत्त झालेले सभासद मनात म्हणतात, आम्ही याहून जास्त बसायचो. पर्यवेक्षिका सांगू लागतात की या बत्तीस तासिका आहेत, म्हणजे घड्याळाचे साडेएकवीस तासही भरत नाहीत. त्यावर समोरचा आणखी खूश होतो. तासिकांचा आकडा खरा असला, तरी त्यातून शिक्षकाच्या कामाचे चित्र उभे राहत नाही. उलट तेच झाकले जाते.

दरवर्षी जून-जुलैत वेळापत्रक बसते आणि बहुतेक शाळांमध्ये त्याचाच एक तक्ता 'कार्यभार' म्हणून संस्थेकडे जातो. नाव, विषय, इयत्ता, तासिका, बेरीज, सही. हल्ली काही संस्था याहून पुढचे मागतात. कोणाकडे किती तासिका, शिकवण्याखेरीज कोणती कामे, त्यांत किती वेळ जातो आणि बदल काय करावा, हे त्यांना कळायला हवे असते. असा अहवाल कसा तयार होतो आणि कुठे फसतो, हे पाहण्यासाठी एक नमुन्याची शाळा धरू. ती तालुक्याच्या गावची अनुदानित माध्यमिक शाळा आहे. पाचवी ते दहावीच्या प्रत्येकी दोन, म्हणजे बारा तुकड्या, एका तुकडीत पंचावन्न मुले. सोमवार ते शुक्रवार आठ तासिका, शनिवारी पाच, म्हणून आठवड्याला पंचेचाळीस.

बारा तुकड्या गुणिले पंचेचाळीस म्हणजे ५४० तासिका. मुख्याध्यापक ६ घेतात, पर्यवेक्षिका १४. उरलेल्या ५२० तासिका सोळा शिक्षकांत वाटायच्या, म्हणजे सरासरी साडेबत्तीस. हा ५२० चा आकडा अहवाल लिहिणाऱ्याने मोठ्या अक्षरांत समोर लावून ठेवावा. कारण 'अमुक बाईंच्या तीन तासिका कमी कराव्यात' असे लिहिणे सोपे असते, पण त्या तीन तासिका हवेत विरत नाहीत, त्या दुसऱ्या कोणाच्या तरी पदरात पडतात. दहावीचे इंग्रजी क्रीडाशिक्षकाकडे देता येत नाही. विषय शिकवू शकणारा माणूस शाळेत नसेल, तर संस्थेच्या पैशातून तासिका तत्त्वावर कोणीतरी आणावा लागतो. कोण घेणार हे न सांगता केलेली कपातीची शिफारस समिती पाच मिनिटांत बाजूला ठेवते, आणि त्यात समितीचेही फारसे चुकत नाही.

आता एका शिक्षिकेचा आठवडा जवळून पाहू. इंग्रजीच्या बाई. आठवी ते दहावीच्या मिळून पाच तुकड्या, प्रत्येकीच्या सहा तासिका, शिवाय वर्गशिक्षिका म्हणून दोन. एकूण बत्तीस, म्हणजे घड्याळाचे २१ तास २० मिनिटे. शेजारच्या खुर्चीवर इतिहास-भूगोलाचे सर आहेत, त्यांच्याही तासिका बत्तीसच. पण सर सहावी, सातवी आणि आठवीला दोन्ही विषय शिकवतात. म्हणजे त्यांना सहा वेगवेगळ्या पाठांची तयारी करावी लागते आणि सहा तुकड्यांतली ३३० मुले त्यांच्या हातून जातात. बाईंची तयारी तीन इयत्तांची, मुले २७५. मात्र दहावीचे दडपण बाईंवर. क्रीडाशिक्षकांकडे वह्यांचा गठ्ठा नसतो, पण पावसाळी स्पर्धा सुरू झाल्या की त्यांना नोंदणी, ओळखपत्रे आणि मुलांना घेऊन जिल्ह्याला जाणे यातून श्वास घ्यायला सवड मिळत नाही. तक्त्यात हे तिघेही एकाच रांगेत जवळपास सारख्या आकड्यासमोर उभे असतात.

वह्यांचा हिशेब कोणी कागदावर मांडत नाही, म्हणून तो मांडून पाहावा. शाळेचा नियम आहे की प्रत्येक वही पंधरवड्यातून एकदा तपासायची. एका वहीला दोन मिनिटे धरली, तर २७५ वह्यांना ५५० मिनिटे लागतात, म्हणजे आठवड्याला साडेचार तासांहून थोडे जास्त. दोन मिनिटांत निबंध वाचून होत नाही, तारीख, सही आणि दोन लाल रेघा एवढेच होते. पाठाच्या तयारीला पाच तास, परिपाठ आणि मधल्या सुट्टीतील मैदानावरची देखरेख दोन तास, वर्गशिक्षिकेचे हजेरी, पालक, दाखले यांचे तीन तास, ऑनलाइन माहिती व शिष्यवृत्तीचे अर्ज तीन तास आणि कोणी रजेवर असले की त्यांच्या वर्गावर जावे लागते ते दोन तास. सगळ्यांची बेरीज होते ४० तास ५५ मिनिटे.

ही बेरीज महत्त्वाची आहे. मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा. त्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे कामाचे तास तयारी धरून किमान ४५ सांगितले आहेत. ही तरतूद पहिली ते आठवीसाठी आहे, पण मापाची काठी म्हणून ती पुढच्या वर्गांनाही लावून पाहता येते. तशी लावली, तर बाईंचा आठवडा ४५ च्या आतच बसतो. समितीतील कोणी कॅल्क्युलेटर घेऊन बसले असेल, तर तो इथे मान वर करून विचारेल, 'मग तक्रार कसली?'

तक्रार आहे ती सहामाही आणि चाचण्यांच्या आठवड्याची. घटक चाचणी झाली की २७५ उत्तरपत्रिका हातात येतात. एकीला सहा मिनिटे धरली, तर १,६५० मिनिटे होतात, म्हणजे साडेसत्तावीस तास. शाळेने निकालाला एकच आठवडा दिला असेल, तर बाईंचा आठवडा ६८ तासांवर जातो. दोन आठवडे दिले, तर प्रत्येकी सुमारे ५५ तास. वर्षाची सरासरी काढली की हा डोंगर सपाट होऊन जातो. म्हणून कार्यभाराचा अहवाल सरासरीवर थांबला, तर त्यात काहीच सापडत नाही. कोणत्या आठवड्यात कोणाच्या टेबलावर काय काय एकदम येऊन पडते, ते पाहावे लागते.

हे मोजायचे कसे? सर्वांत कमी त्रासाची रीत म्हणजे दोन आठवड्यांची नोंदवही. त्यातला एक आठवडा साधा घ्यायचा आणि एक गर्दीचा. सप्टेंबरअखेर चांगला, कारण ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवर संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती पदे मिळणार याचे गणित अवलंबून राहत आले आहे आणि त्या दिवसांत माहिती भरण्याची घाई असतेच. प्रत्येकाने दिवसातून दोनदा, मधल्या सुट्टीत आणि घरी जाताना, पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकटीत काय केले ते लिहायचे. घरी केलेले काम वेगळ्या रकान्यात.

नोंदी खऱ्या आहेत की नाहीत हे वही पाहूनच पुष्कळसे कळते. सगळ्या दिवसांची शाई एकच, अक्षर एका बैठकीतले आणि प्रत्येक कामासमोर 'एक तास' असेल, तर ती वही शनिवारी दुपारी भरलेली असते. काही जण जास्त लिहितात, कारण त्यांना वाटते हा पुरावा आहे. काही जण कमी लिहितात, कारण 'यांना काम उरकत नाही' असा शिक्का बसेल ही भीती असते. एक शंका मात्र सगळ्यांच्याच मनात असते. रिकाम्या तासिका दाखवल्या की त्या जागी आणखी काम येईल. ही शंका अनुभवातून आलेली आहे. म्हणून संस्थेकडे जाणाऱ्या कागदावर नावे नकोत, फक्त विषय आणि इयत्ता असाव्यात, आणि हे नोंदवही वाटण्याआधीच सांगून टाकावे.

खऱ्याखोट्याचा सर्वांत चांगला साक्षीदार शाळेतच पडून असतो, तो म्हणजे 'अ‍ॅडजस्टमेंट'ची वही. रोज सकाळी पर्यवेक्षक गैरहजर शिक्षकांच्या तासिका ऑफ असलेल्यांना वाटून देतात आणि समोर सही घेतात. त्या सह्या त्याच दिवशी झालेल्या असतात, मागाहून रंगवलेल्या नसतात. नमुन्याच्या शाळेत एका महिन्याच्या अशा ९६ तासिका निघाल्या असे धरू आणि त्या कोणी घेतल्या हे मोजू. सोळा जणांत सारख्या वाटल्या तर प्रत्येकी सहा यायला हव्यात. प्रत्यक्षात तीन जणांच्या नावावर मिळून ४१ भरतात. त्या तिघांत इंग्रजीच्या बाई आहेत.

याची कारणे दोन. एक यांत्रिक आहे. बाईंच्या रिकाम्या तासिका तिसऱ्या-चौथ्या तासाला आहेत आणि नेमकी तिथेच जास्त वर्ग अडतात, कारण सकाळी कामानिमित्त पंचायत समितीत किंवा बँकेत गेलेले शिक्षक तोवर परतलेले नसतात. दुसरे कारण कोणी लिहीत नाही. बाईंचा वर्ग शांत असतो आणि त्या नाही म्हणत नाहीत. कागदावर त्यांच्याकडे तेरा रिकाम्या तासिका आहेत. त्यांतल्या तीन दर आठवड्याला अशा जातात आणि जातील की राहतील हे सकाळी शाळेत आल्याशिवाय कळत नाही. हातात गठ्ठा घेऊन बसलेल्या माणसाला ही अनिश्चितता त्या चाळीस मिनिटांहून जास्त महाग पडते.

अशैक्षणिक कामे हा यातला सर्वांत गाजलेला भाग, आणि अहवाल सर्वांत जास्त भरकटतो तोही इथेच. कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही कामे वगळता शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावता येत नाही. मतदार याद्यांच्या कामाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सेंट मेरीज शाळेच्या खटल्यात सांगितले की शिकवणाऱ्या कर्मचाऱ्यांना ते सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी द्यावे. महाराष्ट्र शासनानेही २०२४ मध्ये कोणती कामे शैक्षणिक आणि कोणती अशैक्षणिक याची वर्गवारी जाहीर केली. हे सगळे अहवालात यावे, पण एका परिच्छेदात. कित्येक अहवालांची निम्मी पाने याच कैफियतीत जातात. बीएलओची नेमणूक शाळा समिती करत नाही आणि रद्दही करू शकत नाही.

या बाबतीत राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेचा २०१८ चा अभ्यास डोळे उघडणारा आहे. त्यात प्राथमिक शाळांतील शिक्षकांच्या वर्षभराच्या वेळेपैकी प्रत्यक्ष शिकवण्यात फक्त १९.१ टक्के वेळ गेल्याचे आढळले. हा आकडा खूप गाजला आणि बाकीचा सगळा वेळ सरकारी कामांत जातो असा बऱ्याच जणांचा समज झाला. तसे नव्हते. शिकवण्याशी थेट जोडलेल्या, पण वर्गाबाहेरच्या कामांत ४२.६ टक्के गेले. शाळेच्या स्वतःच्या कामांत, नोंदी आणि व्यवस्था यांत, ३१.८ टक्के. इतर खात्यांच्या कामांचा वाटा होता ६.५ टक्के. ज्या कामांवर सर्वांत जास्त आवाज उठतो, ती मोजमापात सर्वांत लहान निघाली. एक आठवण इथे ठेवावी. हा साडेसहाचा आकडाही सरासरीच आहे, आणि ज्याच्या नावाने आदेश निघतो त्याचा आठवडाच्या आठवडा जातो.

संस्थेने बघायचा तो मधला हिस्सा. शाळेची स्वतःची कामे. त्यांतली बरीच कोणत्याही शासन निर्णयाने आलेली नसतात, शाळेची सवय म्हणून चालत आलेली असतात. गुणांचेच घ्या. नमुन्याच्या शाळेत एकाच मुलाचा एकच गुण आधी उत्तरपत्रिकेवर, मग विषयशिक्षकाच्या यादीत, मग वर्गशिक्षकाच्या एकत्रित तक्त्यात, मग प्रगतिपत्रकावर आणि शेवटी संगणकात असा पाच वेळा लिहिला जातो. दर वेळी बेरीज, दर वेळी पडताळणी. विषयशिक्षकाने थेट संगणकातल्या तक्त्यात भरले, तर दोन पायऱ्या गळतात. पोषण आहाराची रोजची नोंद, यूडायस प्लसची माहिती, आधारातील नावांच्या दुरुस्त्या ही कामे मात्र टळणारी नाहीत. पण ती बारा वर्गशिक्षकांनी बारा ठिकाणी बसून करायची की एकाने शिकून घेऊन नीट करायची, हे शाळेच्या हातात आहे. बारा जण आठवड्याला तीन-तीन तास घालवतात, म्हणजे छत्तीस तास. त्यातला बराचसा वेळ पासवर्ड शोधण्यात आणि सर्व्हर चालू होण्याची वाट पाहण्यात जातो. सराव झालेला एक माणूस हेच काम दहा-बारा तासांत उरकू शकतो. त्याच्या सहा तासिका कमी केल्या, तर घड्याळाचे चार तास मोकळे होतात. बाकीचे लिपिकाने उचलायचे. लिपिकाचे पद रिक्त असेल, तर ते रिक्त आहे हे अहवालात पहिल्या पानावर यावे, कारण शिक्षकांवरचे निम्मे कारकुनी काम त्या रिकाम्या खुर्चीतून आलेले असते.

मग इंग्रजीच्या बाईंसाठी शिफारस काय? सरळ सुचणारी शिफारस म्हणजे तीन तासिका कमी करणे. त्यातून आठवड्याला दोन तास वाचतात आणि त्या तीन तासिका कोण घेणार हा प्रश्न उरतो. आता दुसरा मार्ग पाहा. शाळा नेहमीच्या चाचण्यांखेरीज ऑक्टोबरात एक जादा सराव चाचणी घेते. ती इंग्रजीपुरती काढून टाकली किंवा मुलांनी एकमेकांच्या उत्तरपत्रिका वर्गातच उत्तरसूचीवरून तपासल्या, तर साडेसत्तावीस तास वाचतात. म्हणजे तीन तासिकांची सूट जवळपास चौदा आठवडे दिल्यावर जेवढे वाचेल तेवढे, तेही एका पैशाचा खर्च न करता आणि कोणाच्याही डोक्यावर नवे ओझे न टाकता. वह्यांचेही तसेच. पंधरवड्याला सगळ्या वह्यांवर सही करण्याऐवजी दर आठवड्याला एका तुकडीच्या पंचावन्न वह्या पाच मिनिटे देऊन नीट वाचायच्या. वेळ जवळपास तेवढाच लागतो, साडेचार तास, पण वहीवर सहीऐवजी काहीतरी लिहिले जाते. ही शिफारस वेळ वाचवत नाही, हे अहवालात स्पष्ट लिहावे.

चाचण्यांच्या तारखा हा तिसरा मुद्दा. इंग्रजी, गणित आणि विज्ञानाचे गठ्ठे एकाच सोमवारी पडू नयेत, म्हणून चाचणी एका आठवड्याऐवजी तीन आठवड्यांत पसरवता येते. अडचण अशी की मग त्या तीन आठवड्यांत रोज कुठल्या तरी वर्गाचे लक्ष चाचणीकडे असते आणि इतर विषयांचे शिक्षक कुरकुर करतात. काही शाळांनी हे करून सोडून दिलेले आहे. अ‍ॅडजस्टमेंटवर मात्र उपाय सोपा आहे. वहीच्या मागच्या पानावर चालू बेरीज ठेवायची आणि ज्याची बेरीज कमी त्याला आधी पाठवायचे. शिवाय आठवड्यातल्या चार ऑफ तासिका प्रत्येकाने आधी निवडायच्या आणि त्यांना हात लावायचा नाही. शाळेला हे जड जाते ते फक्त लग्नसराईत, तीन-चार जण एकाच दिवशी रजेवर असताना.

कमी तासिका म्हणजे कमी काम, हा समज जपानच्या उदाहरणाने पुसून निघतो. ओईसीडीच्या २०१८ च्या 'टॅलिस' पाहणीत तिथल्या माध्यमिक शिक्षकांनी आठवड्याला ५६ तास काम नोंदवले. त्यातले शिकवण्याचे तास होते अवघे १८. उरलेला वेळ मुलांची क्लब मंडळे, कार्यालयीन कामे, तयारी आणि बैठका यांत गेला. तिथे यावर वर्षानुवर्षे चर्चा चालली आणि सरकारने जादा कामाच्या तासांवर मर्यादा सुचवल्या. वेळापत्रकातल्या तासिका मोजून हे कोणाला कळले नसते.

नमुन्याच्या शाळेची समिती अहवालातील पाचपैकी तीन सूचना उचलेल असे धरायला हरकत नाही. सराव चाचणी जाईल, अ‍ॅडजस्टमेंटची बेरीज सुरू होईल, एका शिक्षकाला सहा तासिकांची सूट देऊन ऑनलाइन कामाची जबाबदारी मिळेल. त्या सहापैकी दोन पर्यवेक्षिका घेतील, म्हणजे त्यांच्या सोळा होतील, आणि चार त्याच विषयाच्या दोन शिक्षकांत जातील. लिपिकाच्या पदाचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईल आणि तिथेच राहील. चाचण्या पसरवण्याचे पुढच्या वर्षावर ढकलले जाईल.

एक पान तरीही कोरे राहते. देशाच्या जनगणनेतला लोकसंख्या मोजणीचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरलेला आहे, आणि प्रगणक म्हणून शिक्षकांच्या नावाने आदेश निघतात हे महाराष्ट्राला नवे नाही. कलम २७ मध्ये त्याला मुभाही आहे. तोच महिना बारावीच्या आणि दहावीच्या बोर्ड परीक्षांचा, पर्यवेक्षणाच्या नेमणुकांचा आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येण्याचा. पर्यवेक्षिकांनी त्या पानावर पेन्सिलीने सोळा नावांचा तक्ता आखून ठेवला आहे. दहावी ज्यांच्याकडे नाही अशा सात नावांपुढे बारीक खूण आहे, म्हणजे तहसील कार्यालयातून यादी मागितली तर आधी कोणाची नावे द्यायची ते. इंग्रजीच्या बाईंच्या नावापुढे खूण नाही. इतिहासाच्या सरांच्या नावापुढे आहे, आणि त्यांच्या सहा तुकड्यांवर त्या पंधरवड्यात कोण जाणार, तो रकाना अजून रिकामा आहे.